गुरुवारची वीस मिनिटं: डब्यावरून सुरू झालेलं एक प्रकरण

मी जोडप्यांसाठी समुपदेशन करते. हे प्रकरण दोघांच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घडलेल्या गोष्टींचा क्रम तोच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

सायली चौतीस वर्षांची, एका बँकेच्या शाखेत नोकरी. निनाद छत्तीसचा, भोसरीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्नाला आठ वर्षं, मुलगी पाच वर्षांची. निनादच्या आई त्यांच्याकडेच राहतात. घर सिंहगड रस्त्याच्या बाजूला, वन बीएचके. रात्री आजी आणि नात हॉलमध्ये झोपतात, हे दोघं आत. घरात चार माणसं आणि मधे एक दार, तेही दिवसभर उघडंच.

निनादची एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फर्स्टला तो पहाटे पावणेसहाला घर सोडतो आणि संध्याकाळी पाचपर्यंत परत येतो. सेकंडला दुपारी दोनला निघतो, परतायला रात्रीचा एक वाजतो. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सायलीला रविवार, शिवाय दुसरा आणि चौथा शनिवार. म्हणजे दोघांना एकत्र मिळणारा सुट्टीचा दिवस सणावारालाच. ही गोष्ट मी पहिल्या भेटीत लिहून घेतली होती आणि पुढे महिनाभर तिच्याकडे बघितलंच नाही. त्याबद्दल नंतर सांगते.

दोघं माझ्याकडे आली ती जूनच्या शेवटी. त्याआधी सायली नऊ दिवस माहेरी राहून आली होती.

नेमकं काय झालं होतं

भांडण डब्यावरून झालं. फर्स्ट शिफ्टला निनाद पोळी-भाजी, आमटीचा डबा नेतो. घरी आला की बॅग दारामागच्या खुंटीला अडकवतो आणि डबा बॅगेतच राहतो. सायली पहाटे पाचला उठते, कणीक भिजवते, भाजी फोडणीला टाकते आणि सव्वापाचला डबा शोधते. तो बॅगेत, रात्रभर बंद. पावसाळ्यात झाकण उघडलं की आंबलेला वास घरभर. मग भाजी गॅसवर आणि हिच्या हातात घासणी. हे चार महिने चाललं होतं आणि या चार महिन्यांत सायली एकदाही नीट बोलली नव्हती. दोनदा पुटपुटली, एकदा डबा जरा जोरात आपटला. निनादला वाटलं, झोप झाली नसेल.

मग एका पहाटे तिने तो डबा आमटीच्या तळासकट सिंकमध्ये फेकला आणि म्हणाली, “मी या घरात मोलकरीण म्हणून आलेय का?” आई उठल्या. निनाद म्हणाला, “एका डब्यासाठी एवढं?” पुढच्या दहा मिनिटांत दोन वर्षांपूर्वीची डिपॉझिटची रक्कम निघाली, डोहाळजेवणातला अपमान निघाला, नणंदेच्या मुलांनी फोडलेली काचेची बरणीसुद्धा निघाली. निनाद बस चुकेल म्हणून निघून गेला. संध्याकाळी घरी आला तेव्हा सायली मुलीला घेऊन साताऱ्याला पोचली होती.

दोघांशी मी वेगवेगळं बोलले, ते मी नेहमीच करते. एकमेकांची भीती वाटते का, कधी हात उगारला गेला का, पैसा किंवा फोन अडवून ठेवला जातो का, हे समोरासमोर विचारून कळत नाही. इथे तसं काही नव्हतं. असतं तर पुढचं काहीच सुचवलं नसतं. ज्या घरात धाक आहे तिथे ‘मनातलं बोला’ म्हणणं धोक्याचं असतं, कारण गुरुवारी बोललेलं शुक्रवारी मार खायचं निमित्त होतं. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

यांच्यात होता तो सरळ नमुना. सायली गिळत राहते, मग एकदम ओकते. निनाद आवाज चढला की खोली सोडतो. तो निघून गेला की तिला वाटतं, याला काही पडलेलं नाही, म्हणून पुढच्या वेळी ती अजून मोठ्याने बोलते. ती मोठ्याने बोलते म्हणून तो अजून लवकर उठतो. त्या आधीच्या महिन्यात तीनदा अबोला झाला होता, सगळ्यात लांबलेला चार दिवसांचा. त्या काळात निरोप मुलीमार्फत जायचे. “बाबांना विचार, दूध आणणारेत का.”

कोणते पर्याय समोर होते

सायलीच्या वडिलांचं म्हणणं, दोन्हीकडची मोठी माणसं बसवून एकदा काय ते होऊ द्या. आपल्याकडे हा मार्ग पटकन सुचतो आणि मोठा प्रश्न असेल तर उपयोगीही पडतो. पण बैठकीत डब्याचा वास कोण मांडणार? तिथे मांडायला तक्रार मोठी करावी लागते, आणि एकदा मोठी करून मांडली की ती मागे घेता येत नाही.

दुसरा पर्याय निनादचा. “जे वाटेल ते तिथल्या तिथे सांगावं ना, मी काय खातो का?” ऐकायला रास्त. पण यांचं ‘तिथल्या तिथे’ म्हणजे पहाटे सव्वापाच, नाहीतर रात्री एक. शिवाय हॉलमध्ये आई जाग्या. सायली गप्प राहायची याचं अर्धं कारण तिचा स्वभाव आणि अर्धं कारण ते घर होतं.

तिसरा पर्याय व्हॉट्सअॅपवर लिहायचं. त्यांनी तो करून पाहिला होता. कारखान्यात फोन लॉकरमध्ये असतो. सायलीने सकाळी अकराला लिहिलेलं निनाद साडेतीनला वाचायचा, तोवर तिने ‘सीन पण नाही केलं’ म्हणून चार ओळी अजून लिहिलेल्या असायच्या.

वेगळं राहण्याचा विषयही निघाला. सायलीनेच काढला आणि तिनेच मिटवला. मुलीला शाळेतून आणायला, सांभाळायला आईच होत्या.

मी सुचवलं ते साधं होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं बसायचं आणि त्या आठवड्यातली एकेक बारीक खुपणारी गोष्ट सांगायची. यातला बोलण्याचा भाग मला दुय्यम वाटतो. महत्त्वाची असते ती ठरलेली जागा. रागाला पुढच्या सात दिवसांत कधीतरी नंबर लागणार आहे हे माहीत असलं की तो गिळावाही लागत नाही आणि पहाटे सिंकमध्ये फेकावाही लागत नाही.

पद्धत कशी ठरली

वीस मिनिटांचे भाग आम्ही माझ्यासमोरच पाडले आणि एकदा करूनही पाहिले.

सुरुवातीला दोघांनी त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, जी दुसऱ्याने केली आणि बरं वाटलं. ‘तू खूप करतेस’ असं मोघम चालणार नाही, वार आणि काम सांगायचं. “सोमवारी माझा युनिफॉर्म तू न सांगता इस्त्रीला दिलास.” हा भाग वरवरचा गोडवा म्हणून ठेवलेला नाही. अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना वादाचा विषय देऊन त्यांचं चित्रीकरण केलं होतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२४ नवविवाहित जोडपी होती. पंधरा मिनिटांच्या बोलण्यातली पहिली तीन मिनिटं कशी गेली, यावरून पुढच्या सहा वर्षांत कोणती जोडपी वेगळी होतील याचा अंदाज बांधता येत होता. सूर सुरुवातीलाच लागतो किंवा बिघडतो. म्हणून पहिलं वाक्य तक्रारीचं नको.

मग प्रत्येकाची एकच तक्रार, आणि ती याच आठवड्यातली. कधी घडलं, काय घडलं, मला काय वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात काय हवं आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुझ्या घरचे’ हे तीन शब्द बंद. ऐकणाऱ्याने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि ‘बरोबर?’ असं विचारायचं. ‘बरोबर’ आलं की मगच स्वतःचं म्हणणं. प्रत्येकाला पाच मिनिटं.

शेवटची पाच मिनिटं पुढच्या आठवड्याच्या कामांना. फी, गॅस, लस, कुणाकडे बारसं. ही कामं शेवटी ठेवायची हा निर्णय मुद्दाम घेतला. आधी ठेवली की वीस मिनिटं गॅस सिलिंडरच खातो आणि दोघांनाही मनातून सुटल्यासारखं वाटतं.

एक सुटकेची वाटही ठेवली. बोलताना छाती धडधडायला लागली, कान गरम झाले, तर ‘थांबू’ म्हणायचं आणि वीस मिनिटं वेगळं व्हायचं. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, हेही गॉटमन यांच्याच कामातून पुढे आलेलं निरीक्षण. पण ‘थांबू’ म्हणणाऱ्यानेच परत येऊन सुरू करायचं, ही अट मी घातली. नाहीतर निनादला पळायला अधिकृत दार मिळालं असतं.

पहिली बैठक: डबा

सायलीने अर्थातच डबा मांडला. “मंगळवारी रात्री डबा बॅगेत राहिला. बुधवारी पहाटे उघडला तेव्हा मला मळमळलं आणि माझी दहा मिनिटं गेली. तू आल्यावर डबा घासून ठेवावास असं मला वाटतं.”

निनादने परत सांगताना म्हटलं, “तुला वाटतं, मी येऊन भांडी घासावीत.” बरोबर का, तर नाही. सायली म्हणाली, “भांडी नाही, एक डबा.” इथे तो अडला. का अडला ते त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं. शिफ्ट करून आलेला मुलगा सिंकपाशी उभा राहिला की आई उठून त्याच्या हातून भांडं घेतात, आणि मग सायलीबद्दल दोन वाक्यं बोलतात. ती वाक्यं त्याला सायलीच्या कानावर जाऊ द्यायची नव्हती. म्हणजे डबा बॅगेत राहण्यामागे आळस होता तसाच एक वेडावाकडा बचावही होता. सायलीला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मागणी लहान केली. घासायचा नाही, बॅगेतून काढून झाकण उघडून सिंकमध्ये ठेवायचा आणि पाण्याने भरायचा. याला अर्धं मिनिट लागतं आणि आईंना उठायचं कारण मिळत नाही. पहिल्या पाच दिवसांपैकी तो चार दिवस ते करू शकला. पाचव्या दिवशी विसरला तेव्हा सायलीने स्वतःच काढून ठेवला आणि तशी ती म्हणालीही, “चार वेळा झालं हे मला दिसलं.”

दुसरा डबा विकत आणा, प्रश्न संपला, असं कुणीही म्हणेल. माझ्याही मनात आलं होतं. मी ते पहिल्या आठवड्यात सुचवलं नाही, कारण दुसऱ्या डब्याने वास गेला असता, आईंच्या त्या दोन वाक्यांची गोष्ट बाहेर आली नसती. पुढे दोन महिन्यांनी त्यांनी दुसरा डबा आणलाच. चांगलं केलं.

बिघडलं कुठे

पहिल्या दीड महिन्यातच तीन ठिकाणी गाडी अडली.

पहिली चूक माझी. मी ‘रविवारी रात्री साडेनऊ’ असं ठरवून दिलं होतं, कारण बहुतेक जोडप्यांना ते जमतं. निनाद दर एका आडच्या रविवारी त्या वेळी कारखान्यात असायचा. उरलेल्या रविवारी त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठायचं असायचं, तो जांभया देत ऐकायचा आणि सायलीला वाटायचं, याला कंटाळा येतो. चार आठवड्यांत दोनच बैठका झाल्या. शिफ्टचं वेळापत्रक समोर ठेवून पाहिलं तर उत्तर सरळ होतं: गुरुवार. निनादला दोन्ही शिफ्टच्या आठवड्यांत गुरुवारी सुट्टी असते आणि सायली साडेसातपर्यंत घरी येते. मुलगी नऊला झोपते. तेव्हापासून गुरुवारी नऊ.

जागेचा प्रश्न उरला. बेडरूममध्ये हळू आवाजात बोललं की बाहेर कुजबुज ऐकू जाते, आणि कुजबुज भांडणापेक्षा जास्त कान टवकारायला लावते. मग त्यांनी सोसायटीत खाली चकरा मारायला सुरुवात केली. मला ही कल्पना आवडली, कारण चालताना दोघं एकमेकांकडे टक लावून बघत नाहीत. निनादसारख्या माणसाला समोरासमोर बसवलं की त्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं. शेजारी चालताना तो दुप्पट बोलला.

दुसरी अडचण अशी की निनाद आपल्या पाळीला म्हणायचा, “माझं काही नाही.” सलग दोन बैठका. त्यामुळे वीस मिनिटं सायलीच्या तक्रारीची सुनावणी झाली. मी त्याला एकट्याला विचारलं, घरी पाऊल टाकल्यावर पहिल्या मिनिटाला काय होतं? तो हसला. “मॅडम, बूट काढायच्या आधी प्रश्न येतो. गॅसवाल्याला फोन केलास का? मी अजून दारातच असतो.” हेच गुरुवारी सांग, म्हटलं. त्याने सांगितलं. सायलीला पटलं नाही, तिने आधी वाद घातला की मग विचारायचं कधी. मग ठरलं की चहा होईपर्यंत कामाचा प्रश्न नाही. ऐकायला किरकोळ आहे, पण आता दोघांच्याही खात्यावर काहीतरी जमा होतं. तक्रार फक्त एकाचीच असेल तर हा नेम महिनाभरात मोडतो, असं मी इतर घरांतही पाहिलं आहे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. सहाव्या आठवड्यात सायली खाली उतरली ती फोन हातात घेऊन. तिने आठवडाभर नोट्समध्ये तक्रारी टिपून ठेवल्या होत्या, अकरा. ओला टॉवेल, गीझर, पेपरचे सुटे कागद, मुलीला दिलेलं चॉकलेट. चौथ्या मुद्द्याला निनाद लिफ्टकडे वळला. ‘थांबू’ही म्हणाला नाही. त्या रात्री आणि पुढचा दिवसभर अबोला.

इथे निर्णय घ्यायचा होता. टिपणं बंद करायची का? सायली म्हणाली, लिहिलं नाही तर गुरुवारपर्यंत मी विसरते आणि मग ते कधीतरी भलत्याच वेळी बाहेर येतं. बरोबर होतं तिचं. म्हणून टिपणं राहू दिली, पण खाली जाताना फोन वरच ठेवायचा आणि यादीतली एकच गोष्ट डोक्यात घेऊन जायची. बाकीच्या खोडायच्या. पुढच्या आठवड्यात ती मला म्हणाली, “खोडताना अर्ध्या गोष्टींचं मलाच हसू आलं.” उरलेल्या अर्ध्यांमधली एक मात्र तीन आठवडे खोडली जात नव्हती.

जी गोष्ट वीस मिनिटांत मावली नाही

ती गोष्ट नणंदेची. निनादची बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं महिन्यातून दोन-तीन रविवारी यायची. ताई निनादला फोन करायची, निनाद म्हणायचा, “या की, विचारता काय!” आणि रविवारी तो स्वतः कामावर असायचा. सायलीचा सुट्टीचा दिवस चार पाहुण्यांच्या स्वयंपाकात जायचा. ताईबद्दल तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. बोलावणारा हजर नाही, हे खुपत होतं.

हा विषय सलग तीन गुरुवारी आला. तिन्ही वेळा निनादने ऐकून घेतलं, परत सांगितलं, ‘बघतो’ म्हणाला आणि फोन आला की पुन्हा “या की”. तेव्हा मी त्यांना एक नियम वाढवून दिला: एकच गोष्ट तिसऱ्यांदा आली की ती बारीक नाही. तिला चकरांमधून बाहेर काढायचं आणि वेगळा वेळ द्यायचा. गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांचे दोन-तृतीयांशाहून अधिक मतभेद कायम राहणारे निघाले, स्वभावातून आणि घराच्या घडणीतून आलेले. असा मतभेद दर आठवड्याला पाच मिनिटं उकरला तर तो सुटत नाही, फक्त जखम ओली राहते.

त्यासाठी माझ्याकडे दीड तासाची एक भेट झाली. निनादला बहिणीला ‘नको’ म्हणणं अशक्य होतं. वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तोच. हे सायलीला मान्य होतं. मग ‘नको’ न म्हणता काय म्हणता येईल, यावर आम्ही बराच वेळ घालवला. ठरलेलं वाक्य होतं, “सायलीला विचारतो आणि संध्याकाळी सांगतो.” दुसरं ठरलं की महिन्यातून एक रविवार ताईचा पक्का, आणि त्या दिवशी जेवण बाहेरून पोळी-भाजी केंद्रातून येईल. निनादने ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ताई पंधरा दिवस रुसली होती. आईही दोन दिवस घुश्शात होत्या. हा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. गोव्याहून परतताना ताईकडचे एकदा न विचारता आलेच. पण त्या रविवारी निनादने कारखान्यातून फोन करून सायलीला आधी सांगितलं, आणि जेवणाची ऑर्डर त्याने दिली.

आई

दोघं गुरुवारी नऊला खाली का जातात, हे आईंना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्या सायलीला म्हणाल्या, “काय एवढं बोलायचं असतं गं खाली जाऊन? आमच्यासमोर बोलण्यासारखं नाही का?” त्यांना वाटत होतं, वेगळं व्हायची बोलणी चालली आहेत. घरातल्या तिसऱ्या माणसाला कोडं घातलं की ते माणूस सगळ्यात वाईट उत्तर काढतं.

सांगायचं कुणी, यावर थोडी चर्चा झाली. सायलीने सांगितलं असतं तर ते सुनेने सुरू केलेलं खूळ ठरलं असतं. निनादने सांगितलं: “आई, भांडण घरात होऊ नये म्हणून आम्ही खाली बोलून येतो. तुझ्याबद्दल नाही बोलत.” शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं नव्हतं, पण असो. मग नात जागी झाली तर बघायचं काम आईंनी आपणहून घेतलं. सप्टेंबरमध्ये एकदा दोघांचा आवाज चढू लागला तेव्हा स्वयंपाकघरातून त्याच म्हणाल्या, “ते गुरुवारचं ना? मग गुरुवारी बोला.”

काय साध्य झालं, काय नाही

मी दोन आकडे लिहून ठेवायला सांगितले होते: महिन्यात अबोला किती वेळा आणि तो किती तासांनी सुटला. सुरुवातीच्या महिन्यात तीन वेळा, सगळ्यात लांबलेला चार दिवस. ऑगस्टमध्ये दोन वेळा, एक-एक दिवस. ऑक्टोबरमध्ये एकदा, एका संध्याकाळीपुरता. प्रेम वाढलं की नाही हे मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

मधे गौरी-गणपतीत दोन गुरुवार बुडाले. घर पाहुण्यांनी भरलेलं, खाली मंडळाचा मांडव आणि स्पीकर. तिसऱ्या आठवड्यात आरतीच्या तबकावरून जुन्या पद्धतीचं भांडण झालं. दोघं घाबरून माझ्याकडे आली की सगळं वाया गेलं. वाया काही गेलं नव्हतं. सवय तीन महिन्यांची होती आणि दोन आठवडे खाडा पडला, एवढंच. त्यावरून सणाच्या आठवड्यासाठी छोटी आवृत्ती ठरवली: पाचच मिनिटं, गच्चीवर, एक आभार आणि एक तक्रार, कामांची चर्चा नाही.

सहा महिन्यांनी भेटलो तेव्हा चकरा चालू होत्या, पण बऱ्याच गुरुवारी तक्रारीच्या जागी दोघांकडेही काही नसायचं. पंधरा दिवसांतून एकदा केलं तर चालेल का, असं निनादने विचारलं. मी नको म्हटलं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या नंबरापर्यंत सायली थांबू शकत नाही, हे तिनेच सांगितलं होतं. तक्रार नसेल तर दहा मिनिटांत वर या, पण खाली जा.

ओला टॉवेल अजून पलंगावर असतो. सायलीने तो विषय खोडून टाकला आहे.

पुन्हा केलं तर

निनादला पहिल्या बैठकीपासून आधी बोलायला लावलं असतं. जो गप्प राहतो त्याची पाळी दुसरी ठेवली की पहिल्याची तक्रार ऐकून त्याचं तोंड बंदच होतं, आणि मी दोन आठवडे हे घडू दिलं.

आईंना पहिल्या आठवड्यातच निनादकडून सांगायला हवं होतं. एकत्र घरात दोघांचं खाजगी बोलणं ठरवताना मी तिसऱ्याचा विचार उशिरा करते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

अकरा मुद्द्यांच्या यादीचाही अंदाज यायला हवा होता. चार महिने गिळणाऱ्या माणसाला बोलायची परवानगी मिळाली की बांध फुटणारच. ‘एकच तक्रार’ हा नियम मी सांगितला होता, पण तो का आहे ते सांगितलं नव्हतं. समोरचा माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलू शकतो, आणि दुसरी ऐकली की पहिलीही सोडून देतो, एवढं बोलले असते तर कदाचित फोन वर राहिला असता.

आणि वार. माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर आता वय आणि लग्नाच्या वर्षाखाली एक ओळ छापलेली आहे: दोघांची सुट्टी कोणत्या वारी, शिफ्ट कोणती, घरातली मंडळी किती वाजता झोपतात.